संमतिपत्रातील एक परिच्छेद

मराठवाड्यातील उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा जो अभ्यास सुरू झाला, त्यात ५२ ग्रामसमूहांची सोडतीने चार गटांत विभागणी झाली आणि एका गटास नेहमीच्या आरोग्यसेवेपलीकडे तपासणी दिली गेली नाही. ‘यादृच्छिक विभागणी होईल, जोखीम अत्यल्प, सहभाग ऐच्छिक’ असा सरकारी थाटाचा मसुदा तेथील खेड्यातल्या एखाद्या स्त्रीस वाचून दाखविला, तर नेमकी ही बाब तिच्या ध्यानी येणार नाही.

म्हणून तो असा लिहावा: ‘तुमच्या गावाला तपासणी मिळेल की नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरेल, डॉक्टर ठरविणार नाहीत. तपासणीत दोष दिसल्यास बारीक तुकडा काढतील. थोडे दुखेल, रक्त जाईल, क्वचित जंतुसंसर्ग होईल. दोष नसताना तो दिसण्याचा, असून न दिसण्याचाही संभव आहे. केव्हाही, कारण न सांगता, नाही म्हणा. दवाखान्यातील औषधोपचार चालूच राहतील.’

मात्र माघारीपूर्वी जमलेल्या माहितीचे काय होईल, हेही नमूद हवे. मग ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण भिडेखातर होकारच येतो. ‘तुमचे गाव चिठ्ठीत निघाले नाही तर काय होईल?’ असे विचारावे, आणि उत्तर चुकल्यास अंगठा न घेता परिच्छेदच पुन्हा लिहावा.