वर्गणीतून घेतलेली कडी

बाळंतपणाच्या रजेवरून कुणी परत येणार असलं की आमच्या ऑफिसात वर्गणी निघते आणि त्या पैशांत फ्रॉक, दुपटं नाहीतर चांदीचे वाळे येतात. गेल्या वर्षीही तेच ठरत होतं. तेवढ्यात अकाउंट्समधल्या एक बाई म्हणाल्या, "बारशाला हेच दिलं ना? आता कामावर बाळ येणार नाहीये, ती येणार आहे."

मग आम्ही तिचा दिवस कागदावर मांडला. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. त्यामुळे आई रुजू होते तेव्हा बाळ साधारण चार ते सहा महिन्यांचं असतं. हिचं पाच महिन्यांचं होतं आणि अंगावर पीत होतं. सकाळी आठला डोंबिवलीहून निघायचं, घरी पोचायला संध्याकाळचे साडेसात. साडेअकरा तासांत किमान दोन-तीनदा दूध काढावं लागणार. नाही काढलं तर छाती दगडासारखी होते, गाठी धरतात, कधी कणकण येऊन तापही भरतो. हळूहळू दूधही कमी होतं.

काढलेल्या दुधाचं करायचं काय, ही पुढची अडचण. २५ अंशांपर्यंतच्या तापमानाला ते बाहेर चार तास टिकतं, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये २५ अंश कुठून आणायचे? सकाळी अकराला काढलेलं दूध नुसतं पिशवीत ठेवलं तर घरी पोचेपर्यंत ते फेकण्याच्या लायकीचंच होणार. फ्रिजमध्ये मात्र तेच दूध चार दिवस राहतं, आणि बर्फाच्या पॅकसोबत थर्मल पिशवीत चोवीस तास.

मग भेट ठरली. डबा राहील एवढी थर्मल पिशवी, जेलचे चार आइस-पॅक, घट्ट झाकणाच्या सहा छोट्या बाटल्या, चिकटपट्टी आणि पेन. पॅक चार घ्यायचे कारण दोन रात्रभर घरच्या फ्रीझरमध्ये राहतात, दोन प्रवासात. बाटल्या लहान, कारण बाळ एका वेळी पिईल तेवढंच, साधारण ६० ते १२० मिली, एका बाटलीत असलं की उरलेलं वाया जात नाही. उष्टं राहिलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर टाकावंच लागतं. चिकटपट्टीवर तारीख नि वेळ लिहायची, म्हणजे घरी आजी आधीचं आधी वापरतात.

ब्रेस्ट पंप मात्र आम्ही मुद्दाम घेतला नाही. त्याच्या फनेलचं माप प्रत्येकीचं वेगळं, आणि चुकीच्या मापाने दूध कमी निघतं, वर जखमही होते. तो तिचा तिने निवडावा. कुणाचा वापरलेला तर नकोच.

हे सगळं घेण्याआधी तिच्या जवळच्या मैत्रिणीने तिला फोन करून सरळ विचारलं. कितीतरी जणींचं दूध येत नाही, कुणी वरचं दूध सुरू केलेलं असतं, आणि एखादीची रजा गर्भपातामुळे असते. अशा बाईच्या हातात ही पिशवी ठेवण्यापेक्षा काहीच न दिलेलं बरं.

फोनवर तिने एकच विचारलं: "दार लागेल अशी जागा आहे का?" नव्हती. बायका बाथरूममध्ये बसून दूध काढतात, म्हणजे आपण जिथे जेवणार नाही तिथे बाळाचं जेवण. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीव्यतिरिक्त दिवसातून दोनदा स्तनपानासाठी वेळ द्यावा असं कायदा सांगतो. पण वेळ मिळाला तरी बसायचं कुठे? जुन्या फायलींची खोली होती. तिथे खुर्ची होती, प्लगही होता, पण आतून कडी नव्हती. वर्गणीतले उरलेले पैसे सुताराला दिले. काचेच्या झरोक्यावर कागद शिपाईकाकांनी चिकटवला.

पहिल्याच आठवड्यात ती घाबरून आली. फ्रिजमधल्या बाटलीत वर पिवळसर थर आला होता. तो सायीचा असतो, बाटली हलकेच फिरवली की मिसळतो. साबणासारखा वास आला तरी दूध नासलेलं नसतं, तो दुधातल्याच एका पाचकद्रव्याचा. आंबट वास आला तर मात्र टाकायचं. गरम करताना गॅस किंवा मायक्रोवेव्ह नको, कोमट पाण्याच्या वाटीत बाटली ठेवायची. आणि ताजं कोमट दूध थंड बाटलीत ओतायचं नाही, आधी ते वेगळं गार होऊ द्यायचं.

एक चूक आमचीही झाली. बाटल्या फ्रिजच्या दारात ठेवायला जागा करून दिली होती. दार दिवसभर उघडझाप होतं, तिथे थंडावा टिकत नाही. शिपाईकाकांनी मग मधल्या खणाच्या मागच्या भिंतीशी एक स्टीलचा डबा ठेवला आणि त्यावर चिकटपट्टी लावली: "बाळाचं आहे. बोंबलाचा डबा खालच्या खणात."