जिना चढणारी लिंक

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी साडेआठला निरोप येतो: ‘मी भाजी-किराणा इथूनच मागवते. कोथिंबीर ताजी असते. या लिंकवरून घेतलंत तर तुम्हाला किलोभर साखर, मलाही.’ खाली एक निळी ओळ. निरोप पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा. तिसऱ्या मजल्यावरची सूनबाई ती ओळ दाबते.

काकूंना साखर मिळायची तर सूनबाई त्यांच्या सांगण्यावरून आली, हे ॲपला कळायला हवं. ऐकायला सोपं आहे, पण वाटेत प्ले स्टोअर आडवं येतं. लिंक दाबली की स्टोअर उघडतं, तिथून ॲप उतरतं, आणि पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा त्याला एवढंच दिसतं की एक नवा फोन आलाय. कुणाकडून, ते मागेच राहिलं. लग्नाला निघालेल्या पाहुण्याने पत्रिका एसटीत विसरावी आणि कार्यालयाच्या दारात त्याला कुणी ओळखू नये, तसं.

अँड्रॉइडवर यावर सरळ तोडगा आहे. स्टोअरच्या पत्त्याला काकूंचा कोड शेपटासारखा जोडायचा:

```
https://play.google.com/store/apps/details?id=com.example.kirana&referrer=invite%3D7KQ4M
```

यातलं `%3D` म्हणजे फक्त बरोबरचं चिन्ह. हे शेपूट प्ले स्टोअर सांभाळून ठेवतं. ॲपने पहिल्यांदा उघडताच ते मागून घ्यायचं आणि आपल्याकडे नोंदवायचं. गूगल ते ९० दिवस ठेवतं. आयफोनवर अशी सोय नाही. म्हणून कोड पाचच अक्षरांचा, फोनवर वाचून दाखवता येईल असा हवा, आणि त्यात शून्य व ओ, एक व आय ही एकमेकांसारखी दिसणारी मंडळी नकोत. हा कोड निरोपातही उघड लिहिलेला बरा.

लिंक स्वतःच्या डोमेनवरच असावी. गूगलची फायरबेस डायनॅमिक लिंक्स ही सेवा अनेक ॲप्स याच कामासाठी वापरत होती. ती २५ ऑगस्ट २०२५ रोजी बंद झाली आणि तिच्यावरच्या जुन्या लिंका मेल्या. ग्रुपमध्ये पडलेला निरोप कुणी वर्षभरानेही शोधून काढतं. नोटीस बोर्डावर चिकटवलेला क्यूआर कोड तर ऊन-पाऊस सोसत तसाच असतो.

पण लिंक थेट स्टोअरवर न्यावी का? किराण्याच्या बाबतीत माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. सिनेमाचं किंवा गाण्यांचं ॲप कुठेही चालतं. किराणा दुकानापासून चार-पाच किलोमीटरच्या आतच पोचतो. समजा, काकू साताऱ्यात राहतात आणि लिंक कऱ्हाडच्या बहिणीलाही पाठवतात. ती ॲप उतरवते, नंबर देते, ओटीपी टाकते, टोपली भरते आणि शेवटी वाचते की तुमच्या भागात सेवा नाही. बहीण चिडते आणि काकू ओशाळतात. त्या पुन्हा कुणाला लिंक पाठवत नाहीत. म्हणून लिंक दाबल्यावर आधी एक हलकं पान उघडावं, त्यात काकूंचं नाव दिसावं आणि एकच प्रश्न असावा: पिनकोड काय?

आता साखरेचा हिशेब. आकडे समजुतीपुरते धरू. ऑर्डर सरासरी ४५० रुपयांची. मालाची खरेदी वजा जाता ८० रुपये उरतात. पोचवायला ४०, पिशव्या आणि पेमेंटचा खर्च १०. हातात राहिले ३०. दोन किलो साखर दुकानाला ८४ रुपयांना पडते. म्हणजे सूनबाईने तिसरी ऑर्डर दिली तेव्हा कुठे बक्षीस वसूल झालं. दोन ऑर्डरींनंतर ती पुन्हा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे वळली, तर तोटा.

खरी गंमत पुढे आहे. काकूंची आणि सूनबाईंची पिशवी एकाच फेरीत गेली तर ४० रुपयांत दोन दारं होतात. दोघींचे मिळून १६० उरले. त्यातून फेरीचे ४० आणि पिशव्या-पेमेंटचे २० गेले, राहिले १००. एकट्या काकूंच्या वेळी ३० राहत होते. म्हणजे सूनबाईच्या ऑर्डरने ७० ची भर पडली आणि साखर दुसऱ्याच ऑर्डरीत वसूल. लांबच्या ओळखीपेक्षा याच जिन्यातली ओळख दुकानाला जास्त देऊन जाते. ॲप बनवणारे मात्र बहुतेकदा सगळ्यांना सारखंच बक्षीस ठेवतात, हे मला कोडं वाटतं. त्याच इमारतीतलं घर आलं तर साखरेबरोबर चहाचा पुडा द्यावा, आणि ‘तुमच्या इमारतीत सकाळी ७ ते ८ येतोय’ असं सुचवून दोन्ही ऑर्डरी एका वेळेवर आणाव्यात. वेळ जुळली नाही, तर मात्र वरचा हिशेब कोलमडतो.

बक्षीस द्यायचं केव्हा, यावर सगळ्या योजनेचं नशीब ठरतं. नुसतं नाव नोंदवल्यावर दिलं, तर एखादा हुशार मुलगा घरातली सगळी सिमकार्डं ड्रॉवरमधून काढून एका दुपारी दहा ‘मैत्रिणी’ जमवतो. म्हणून पहिली ऑर्डर पोचली, पैसे आले, परत आलेलं काही नाही, हे झाल्यावरच काकूंच्या खात्यात साखर जमा व्हावी. तिथेही फसवणूक होते, पण किराण्याकडे एक साधन आहे जे पैशांच्या ॲपकडे नसतं: माल शेवटी कुठल्यातरी दारात द्यावा लागतो. सिम बदलता येतं, दार बदलत नाही. पत्त्यात मात्र ‘फ्लॅट ३०४’, ‘304’, ‘तीनशेचार, गणपती मंदिरामागे’ अशी रूपं येतात, त्यामुळे अक्षरं जुळवण्यापेक्षा पोचवतानाचं नकाशावरचं ठिकाण आणि मजला पाहणं भरवशाचं. त्याहून भरवशाचा डिलिव्हरीचा पोरगा. ‘दार तेच, नाव निराळं’ हे तो दुसऱ्याच दिवशी सांगतो. त्याच्या ॲपमध्ये तेवढं एक बटण असावं.

संशय आला म्हणून खातं बंद करू नये. एका घरात सासू-सुनेचे दोन फोन असणं हा गुन्हा नव्हे. ‘एका घरासाठी बक्षीस एकदाच’ एवढं सौम्यपणे सांगावं.

एक भ्रम मात्र आधीच सोडावा, की साखर वाटली की गाव आपोआप येईल. १०० ग्राहकांपैकी समजा २० जणांनी लिंक पाठवली, प्रत्येकी तीन घरांना. ६० घरांपैकी १२ घरांनी ऑर्डर दिली. त्या १२ घरांनीही त्याच प्रमाणात सांगितलं तर पुढे एखाद-दुसरं घर. सगळे मिळून ११४ च्या आसपास आणि साखळी थांबली. साखर दुप्पट केली म्हणून २० चे ४० होत नाहीत. लोक कोथिंबिरीमुळे बोलतात, साखर फक्त निमित्त देते.

आणि बोलतात तेही लिंकशिवाय. पहिली पिशवी देताना ‘कुणाकडून कळलं?’ असं विचारलं, तर ‘खालच्या वहिनींनी सांगितलं’ असं उत्तर येतं आणि नोंदीत कोडचा रकाना रिकामा असतो. वहिनींनी जिन्यात उभं राहून सांगितलं, हिने नाव शोधून ॲप उतरवलं. लिंक कुणी दाबलीच नाही. म्हणून पहिल्या ऑर्डरीनंतर सात दिवस ॲपमध्ये एक चौकट उघडी ठेवावी: सांगणाऱ्याचा मोबाइल नंबर टाका. नंबर जुळला की वहिनींना निरोप जातो, आणि पुढच्या पिशवीत त्यांनी न मागितलेली किलोभर साखर.