रसाचे ग्लास आणि रेषेचा चढ

दोन राशी एकमेकींबरोबर किती नेमाने बदलतात हे सहसंबंध गुणांक सांगतो. एकीतल्या बदलामागे दुसरी सरासरी किती बदलते हे समाश्रयण रेषेचा चढ सांगतो. सरावाच्या वर्कशीटमध्ये दोन्ही एकाच तक्त्यातून काढायचे असतात, म्हणून त्यांची गल्लतही तिथेच होते.

सरावासाठी रचलेले एक उदाहरण घेऊ. रसवंतीवर पाच दिवसांचे कमाल तापमान ३४, ३६, ३८, ४० आणि ४२ अंश सेल्सिअस, तर विकलेले ग्लास अनुक्रमे ११०, १३०, १३५, १५५ आणि १७०. सरासरी तापमान ३८, सरासरी विक्री १४०. प्रत्येक आकड्यातून आपापली सरासरी वजा केली की तापमानाचे फरक −४, −२, ०, २, ४ आणि विक्रीचे −३०, −१०, −५, १५, ३० येतात. दोन्ही ओळींची बेरीज शून्य यायलाच हवी. न आल्यास पुढे जाण्यात अर्थ नाही. जोडीजोडीने गुणाकार करून बेरीज २९० येते, तापमानाच्या फरकांच्या वर्गांची ४०. म्हणून चढ २९० ÷ ४० = ७.२५, आणि रेषा अशी: ग्लास = ७.२५ × तापमान − १३५.५. विक्रीच्या फरकांच्या वर्गांची बेरीज २१५० असल्याने सहसंबंध गुणांक सुमारे ०.९९ येतो.

आता पडताळणी. रेषेनुसार अंदाज १११, १२५.५, १४०, १५४.५ आणि १६९ येतात. प्रत्यक्ष विक्रीतून ते वजा केले की उरतात −१, ४.५, −५, ०.५, १. बेरीज शून्य. बहुतेक जण इथेच समाधान मानतात, पण ही कसोटी अर्धीच आहे. घाईत २९० ला ४० ऐवजी २१५० ने भागून चढ ०.१३५ काढला आणि रेषा सरासरीच्या बिंदूतून नेली, तरी उरलेल्या फरकांची बेरीज शून्यच येते. चुकीचा चढ पकडायचा तर हे फरक तापमानाच्या फरकांनी गुणावेत: ४ − ९ + ० + १ + ४, म्हणजे पुन्हा शून्य. चढ चुकला असता, तर ही बेरीज शून्य आली नसती.

चढाचा अर्थ एककांसह सांगावा लागतो: एक अंश जास्त उष्ण दिवशी सरासरी सव्वासात ग्लास जास्त विकले गेले. ०.९९ हा आकडा ग्लासांचा नाही, त्याला एककच नसते. तापमान फॅरनहाइटमध्ये मांडले तर चढ सुमारे ४.०३ होईल, गुणांक मात्र तोच राहील. शून्य अंशाला उणे १३५.५ ग्लास हे उत्तर हास्यास्पद आहे, पण ती हिशेबाची चूक नव्हे; ३४ ते ४२ अंशांपलीकडे ही रेषा ताणली, हा दोष. शिवाय उष्ण दिवस नेमके सुट्टीचेही असतील, तर वाढीव ग्लासांतले उन्हाचे किती आणि सुट्टीचे किती, हे या तक्त्यातून सांगता येत नाही.