शून्याची हौस

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या कारखान्यातलं चार्ज रजिस्टर बंद झालं. आता पाळीप्रमुख टॅब्लेटवर चार्ज देतो. त्याबरोबरच दोन पाळ्यांमधला अर्ध्या तासाचा ओव्हरलॅपही गेला. लिहायचंच नाही तर अर्ध्या तासाचा ओव्हरटाइम कशाला, असा हिशेब वरच्यांनी मांडला. तिथे अजून नोकरीत असलेला एक जुना सहकारी सांगत होता, की पाळीअखेरीला पडद्यावर ‘उघडी परमिटं’ असा चौकोन येतो. आकडा शून्य असेल तर चौकोन हिरवा, नाहीतर लाल. महिन्याच्या बैठकीत कोणाच्या किती पाळ्या हिरव्या गेल्या ते वाचून दाखवतात. ऐकून माझ्या कपाळावर आठी आली. हे शून्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे.

माझ्या आधीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात तेव्हा चार्ज तोंडी दिला जायचा, तोही बऱ्याचदा बसस्टॉपवर. लॉगबुकात तापमान, दाब आणि उत्पादनाचे आकडे असत. काय काढून ठेवलंय, कुठे कुलूप आहे, हे फिटरला विचारायचं, आणि फिटर घरी गेलेला असायचा. 1984 साली भोपाळ झालं. त्या रात्री पाइपलाइन पाण्याने धुण्याचं काम दुसऱ्या पाळीत सुरू झालं आणि चालू अवस्थेतच रात्रपाळीकडे गेलं. धुण्याआधी मारायची ब्लाइंड मारलेली नव्हती. ते काम मेंटेनन्सचं, आणि रात्रीच्या मेंटेनन्स सुपरवायझरचं पद थोडे दिवस आधीच कमी केलेलं होतं. पाणी टाकीत त्याच वाटेने शिरलं की नाही, याबद्दल कंपनीने वेगळा दावा केला आणि तो वाद मिटलेला नाही. 1987 मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक उद्योगांसाठी नवं प्रकरण आलं. आमच्याकडे नवे फलक आले. चार्ज मात्र बसस्टॉपवरच राहिला.

खरा बदल झाला तो नव्वदच्या दशकात, आणि त्याला कारण ठरला उत्तर समुद्रातला एक तेलफलाट. 6 जुलै 1988 च्या रात्री पायपर अल्फावर स्फोट झाले आणि 167 माणसं गेली. लॉर्ड कलन यांचा चौकशी अहवाल नोव्हेंबर 1990 मध्ये आला. त्याच महिन्यात इकडे नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल संकुलात वायूगळतीतून स्फोट होऊन माणसं मेली होती, त्यामुळे आमच्या पट्ट्यात लोक कान देऊन ऐकायच्या मनःस्थितीत होते. कलन अहवालातला एक भाग आमच्या सुपरिंटेंडंटनी आम्हाला फळ्यावर काढून समजावला. मला तो अजून पाठ आहे.

फलाटावर कंडेन्सेटचे दोन पंप होते, ‘ए’ आणि ‘बी’. ‘ए’ मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केला होता. वीज तोडली होती, पण पंप अजून उघडला नव्हता. त्याचं एक परमिट होतं. त्याच पंपाच्या लाइनवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढून नेला होता, त्याचं दुसरं परमिट. व्हॉल्व्ह संध्याकाळी सहाच्या आत परत बसला नाही, म्हणून मोकळ्या तोंडावर ब्लाइंड फ्लँज लावून काम उद्यावर टाकलं आणि परमिट स्थगित केलं. दोन परमिटांवर एकमेकांचा उल्लेख नव्हता. स्थगित परमिटं कंट्रोल रूममध्ये नव्हे, तर सेफ्टी ऑफिसात ठेवायची रीत होती. व्हॉल्व्हची जागा पंपापासून दूर, वरच्या बाजूला होती, म्हणजे पंपाशी उभं राहून ती दिसत नव्हती. आणि संध्याकाळच्या चार्जमध्ये व्हॉल्व्हचा विषयच निघाला नाही.

पावणेदहाच्या सुमारास ‘बी’ बंद पडला आणि पुन्हा सुरू होईना. रात्रपाळीला ‘ए’च्या दुरुस्तीचं परमिट ठाऊक होतं. काम सुरूच झालेलं नाही, वीज जोडली की पंप तयार, असं त्यांना वाटलं, आणि त्यांच्या माहितीपुरतं ते बरोबरच होतं. ‘ए’मध्ये दाब चढला, ब्लाइंड फ्लँज गळला आणि दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला. इथे बेफिकीर असं कोणीच वागत नव्हतं. पाळी संपेपर्यंत व्हॉल्व्ह परत आला नाही, यात कोणाचा गुन्हा नाही. ते काम अर्धवट आहे हे पुढच्याला कळलं नाही, एवढंच झालं.

फळा पुसून सुपरिंटेंडंट म्हणाले, “आता आपलं रजिस्टर काढा.” आणि आमची अब्रू गेली.

आमच्याकडे एक मॅनेजर होते. आज ते कुठे आहेत ठाऊक नाही, पण हा हिशेब राहून गेलाय म्हणून लिहितो. परमिट आठ तासांचं असतं, तेव्हा पाळी संपताना प्रत्येक परमिट बंद झालंच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. काम पुरं नसेल तर सकाळी नवं काढा. त्यामुळे त्यांच्या महिन्याच्या अहवालात प्रलंबित परमिटं कायम शून्य. काम अर्धवट राहायचं ते राहायचंच. फक्त त्याला कागदावर धनी उरायचा नाही.

याचा अर्थ काय होतो ते टोल्युइनच्या पंपाने दाखवून दिलं. ‘ए’ पंपाचं मेकॅनिकल सील गळत होतं. दुसऱ्या पाळीत फिटरने कपलिंग काढलं, जुनं सील काढलं, आणि नवं सील स्टोअरमध्ये. स्टोअर सकाळी उघडणार. नियमाप्रमाणे रात्री अकराला परमिट बंद झालं. रजिस्टरात ओळ पडली: “पंप ए मेंटेनन्सला, जॉब पेंडिंग. उघडी परमिटं शून्य.” पहाटे ‘बी’ ओव्हरलोडने पडला. ऑपरेटरने ‘ए’ची वीज जोडायला सांगितलं. एमसीसीत इलेक्ट्रिशियनने पाहिलं, तर ब्रेकरला लाल टॅग. टॅगवर परमिटचा नंबर. त्याने शहाण्या माणसासारखा नंबर रजिस्टरात पाहिला. परमिट बंद. म्हणजे टॅग काढायला हरकत नाही. त्याने टॅग काढला आणि ब्रेकर आत ढकलला.

ऑपरेटर सक्शन व्हॉल्व्ह उघडायला पंपाजवळ गेला, तेव्हा टॉर्चच्या उजेडात त्याला कपलिंगच दिसलं नाही. तिथे तो थांबला. व्हॉल्व्ह उघडला असता तर सीलच्या जागेतून टोल्युइन बाहेर आलं असतं, आणि टोल्युइनची वाफ आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत पेट घेते. मॅनेजरसाहेबांच्या अहवालात त्या महिन्यातही शून्यच होतं.

त्यानंतर सुपरिंटेंडंटनी रजिस्टराला एक वेगळं पान जोडलं. परमिट पाळीअखेरीला बंद करायचं नाही, ‘स्थगित’ करायचं आणि त्या पानावर चढवायचं. पानाला चार रकाने होते. पहिल्यात परमिटचा नंबर आणि त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या परमिटांचे नंबर. दुसऱ्यात आयसोलेशन: कुठला व्हॉल्व्ह, कुठला ब्रेकर, कुठे ब्लाइंड, कुलपाची किल्ली कोणाकडे. तिसऱ्यात यंत्र आत्ता कसं उभं आहे. चौथ्या रकान्याचं नाव होतं ‘करू नये’.

तोच पंप या पानावर असा आला असता: “सील काढलेलं, नवं नाही. कपलिंग काढून बाजूला. सक्शन बंद, साखळी-कुलूप. डिस्चार्जला ब्लाइंड. ड्रेन उघडा. ब्रेकर बाहेर, टॅग लावलेला. ‘बी’ पडला तर ‘ए’ घेऊ नये. भरणी थांबवून मेंटेनन्सला फोन करावा.” सगळा जीव शेवटच्या दोन वाक्यांत आहे. रात्री दोनला माणसाला जे करायचा मोह होणार, त्याचं उत्तर संध्याकाळीच लिहून ठेवलेलं. काम कुठवर आलं हे कोणीही लिहितो. पुढच्याचा हात कुठे जाईल याचा विचार करून लिहायला वेगळी बुद्धी लागते, आणि ती या एका रकान्याने आमच्यात आणली.

दुसरी सुधारणा कुलपांची. आधी एका आयसोलेशनला एक टॅग असायचा. त्याच पंपावर फिटर सील बदलतोय आणि इन्स्ट्रुमेंटवाला गेज बदलतोय, तर दोघांचं काम एकाच टॅगवर. गेजचं काम आधी संपलं की टॅग निघायचा आणि फिटर उघड्यावर पडायचा. नवा नियम आला: जितकी परमिटं तितकी कुलपं, आणि शेवटचं निघेपर्यंत ब्रेकर आत जाणार नाही. चार्ज घेणारा ही कुलपं साइटवर जाऊन मोजायचा आणि पानावरच्या नंबरांशी ताडायचा. तफावत निघाली तर चार्ज देणारा घरी जात नसे. अर्धा तास लागायचा तो याच्यासाठी.

ही सात-आठ वर्षं चांगली गेली. मग आयएसओ 9000 आलं आणि पानाला फॉरमॅट नंबर मिळाला. ऑडिटरला रकाने भरलेले दिसले की पुरे, रकान्यात काय आहे ते तो वाचत नसे. ‘करू नये’खाली “मागीलप्रमाणे” येऊ लागलं. पुढे पुढे नुसतं टिंब.

नंतरच्या वर्षांवर वेळ घालवत नाही. 2005 च्या मार्चमध्ये अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत 15 माणसं गेली. तिथे रात्रपाळीने मनोरा किती भरला, याबद्दल लॉगमध्ये एक मोघम ओळ होती, आणि दिवसाचा सुपरवायझर उशिरा आल्यामुळे समोरासमोर चार्ज झालाच नाही. आमच्याकडे त्यावर एक सादरीकरण झालं आणि वडापाव वाटले गेले.

आता टॅब्लेट. त्याच्याशी माझं वैर नाही. एकाच यंत्रावरची सगळी परमिटं ते क्षणात शोधून देऊ शकतं, जे पायपर अल्फावर कोणाला जमलं नाही. पण या कारखान्यात त्याला ते कामच दिलेलं नाही. मागच्या पाळीची नोंद एका बटणाने पुढे ढकलता येते, म्हणजे “मागीलप्रमाणे” लिहायचे कष्टही वाचले. आणि तो हिरवा चौकोन म्हणजे मॅनेजरसाहेबांचं शून्य, फक्त रंगीत. ज्याला लाल पाळी परवडत नाही तो परमिट बंद करणार, काम सकाळी नव्या नंबरने उघडणार, आणि मधली रात्र पुन्हा बेवारस. हे होईल असं मी म्हणत नाही. माझा सहकारी सांगतो की होतंय.

माझं मागणं तीन ओळींचं आहे. स्थगित परमिटांचा आकडा गुणपत्रिकेतून काढा. तो मोठा असला तर सुपरवायझर खरं बोलतोय, एवढंच समजा. ‘करू नये’ रकाना परत आणा आणि तेवढ्या एका रकान्याला पुढे ढकलायचं बटण ठेवू नका, प्रत्येक पाळीने तो नव्याने लिहावा. आणि ओव्हरलॅपचा अर्धा तास परत द्या, कारण कुलूप साइटवर असतं आणि ते मोजायला तिथे चालत जावं लागतं. तीन पाळ्यांचे तीन अर्धे तास, म्हणजे दिवसाला दीड तासाचा ओव्हरटाइम. एवढी बचत ज्यांना मोठी वाटते, त्यांनी एकदा रात्रपाळीचा चार्ज स्वतः घेऊन पाहावा.