सिग्नल गेला ती वेळ लिहा

घरातल्या बाकीच्यांच्या मोबाइलला रेंज आहे आणि फक्त आपल्याच फोनवर ‘नो सर्व्हिस’ दिसतंय, फोन बंद करून चालू केला तरी तेच, तर दोष टॉवरचा असेलच असं नाही. कोणीतरी खोटी कागदपत्रं दाखवून किंवा तुमच्याकडूनच गोड बोलून संमती काढून तुमच्या नंबरचं दुसरं सिम घेतलेलं असू शकतं. नवं सिम चालू झालं की जुनं आपोआप बंद पडतं आणि त्यानंतर बँकेचे ओटीपी चोराच्या हातात जातात. त्याच्याकडे तुमच्या खात्याचा तपशील बहुधा आधीच असतो. अडलेलं असतं ते फक्त ओटीपीपाशी.

यात एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. दूरसंचार विभागाने 2022 मध्ये काढलेल्या आदेशानुसार बदललेल्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस येत-जात नाहीत. म्हणजे सिग्नल जाणं आणि पैसे जाणं यांत बऱ्याचदा सुमारे एक दिवसाचं अंतर पडतं. ही मुदत मालकाला सावध होण्यासाठीच आहे, आणि आपण ती ‘उद्या बघू’ म्हणण्यात घालवतो.

समजा, नाशिकच्या एका शिक्षिकेच्या बाबतीत नेमकं हेच झालं. बँकेला ईमेल लिहिताना ‘परवा माझे जवळपास दीड लाख गेले, कृपया लक्ष घालावे’ असं त्यांनी लिहिलं, तर तपास करणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. त्याऐवजी त्यांनी असं लिहावं:

विषय: तातडीचे – सिम बदलून फसवणूक झाल्याचा संशय, खाते अखेरचे अंक 4417, अनधिकृत व्यवहार 3

शुक्रवार, सायं. 6.40 – माझ्या मोबाइलचे नेटवर्क गेले. त्यानंतर एकही कॉल वा एसएमएस आला नाही.
शनिवार, रात्री 9.12, 9.15 आणि 9.21 – खात्यातून अनुक्रमे 50,000, 50,000 आणि 48,500 रुपये आयएमपीएसने गेले. संदर्भ क्रमांक सोबत जोडले आहेत. हे व्यवहार मी केलेले नाहीत.
रविवार, सकाळी 8.15 – बँकेचे ईमेल वाय-फायवर पाहिले. व्यवहार तेव्हा प्रथम कळले.
8.22 – पतीच्या फोनवरून बँकेच्या हेल्पलाइनला कळवून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड बंद करवले. तक्रार क्रमांक सोबत.
8.40 – 1930 वर तक्रार नोंदवली. पोचक्रमांक सोबत.
10.30 – मोबाइल कंपनीच्या गॅलरीत चौकशी केली. शुक्रवारी सायं. 6.35 ला माझ्या नंबरचे दुसरे सिम दिल्याचे कळले. ते बंद करवले.

मी ओटीपी वा पासवर्ड कोणालाही दिलेला नाही. रक्कम ज्या खात्यांत गेली तिथे ती रोखण्यासाठी संबंधित बँकांना तातडीने कळवावे आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार रक्कम माझ्या खात्यात तात्पुरती जमा करावी.

6.35 आणि 6.40 या दोन वेळा शेजारी आल्या की वेगळं काही पटवून द्यावं लागत नाही. म्हणून सिम कधी व कुठून दिलं, हे मोबाइल कंपनीकडून लेखी घ्यावं. शेवटून दुसरं वाक्य मात्र खरं असेल तरच लिहायचं. एखाद्या फोनवर सांगितलं म्हणून एसएमएस पुढे पाठवला असेल, तर तीही नोंद वेळेसकट द्यावी, कारण लपवलेली गोष्ट बँकेच्या नोंदींत सापडली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. ईमेलमध्ये पिन, ओटीपी किंवा कार्डचा पूर्ण क्रमांक टाकू नये. पत्ता पासबुकावरचा किंवा बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरचाच घ्यावा, कारण गूगलवर सापडणारे ‘कस्टमर केअर’ नंबर हा दुसऱ्या चोराचा धंदा असू शकतो.

8.15 आणि 8.22 या वेळांना पैशांत मोल आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा प्रकरणात व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं दायित्व शून्य. सूचना मिळाल्याचा दिवस मोजायचा नाही. चार ते सात दिवसांत कळवलं, तर सर्वसाधारण बचत खात्यात जास्तीत जास्त 10,000 रुपयांचा भार ग्राहकावर येतो. चूक ग्राहकाचीच असली, तरी कळवल्यानंतर झालेल्या व्यवहारांचं नुकसान बँकेने सोसायचं असतं. आणि बँकेने ‘एसएमएस तर शनिवारीच पाठवला होता’ म्हटलं, तर तो कुठल्या सिमवर पोचला याचं उत्तर ईमेलातल्या पहिल्याच ओळीत आहे.

कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा व्हायला हवी आणि तक्रारीचा निकाल 90 दिवसांत लागायला हवा. बँकेने 30 दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं, आणि तिथे हाच ईमेल पोचपावतीसह जोडायचा असतो.