तारांना रंग द्या, मग गणित मांडा

वहीतल्या आकृतीचा मोबाइलवर काढलेला फोटो समोर आहे. एका ओळीत तीन कपॅसिटर: १, २ आणि ३ मायक्रोफॅरडचे. त्यांच्या पुढे ३ मायक्रोफॅरडचा चौथा, आणि टोकांना १२ व्होल्टची बॅटरी. शिवाय दोन जादा तारा दिसतात. एक तार वरून वळसा घालून पहिल्याचे डावे टोक तिसऱ्याच्या डाव्या टोकाला जोडते. दुसरी खालून पहिल्याचे उजवे टोक तिसऱ्याच्या उजव्या टोकाला जोडते. प्रश्न असा, की प्रत्येकावर प्रभार किती?

एका ओळीत दिसतात म्हणून चौघांनाही एकसर जोडणीत धरण्याचा मोह होतो. पण जोडणी ठरते ती टोके कुठे जुळली आहेत त्यावरून, चित्रातल्या मांडणीवरून नव्हे. तारेच्या एका सलग तुकड्यावर विभव सगळीकडे सारखेच असते. म्हणून बॅटरीच्या धन टोकापासून निघा आणि कपॅसिटर आडवा येईपर्यंत जिथे जिथे तार पोचते, तिथपर्यंत ती लाल करा. पहिल्या कपॅसिटरच्या पलीकडची तार निळी, आणि चौथ्यानंतरची काळी.

आता दिसेल की पहिल्या तिघांचेही एक टोक लाल आणि दुसरे निळे आहे, म्हणजे ते समांतर आहेत. समांतर जोडणीत धारकतांची बेरीज होते, १ + २ + ३ = ६ मायक्रोफॅरड. हा गट निळ्या तारेवर चौथ्याशी एकसर जोडलेला आहे. एकसर जोडणीत दोघांचा गुणाकार भागिले बेरीज, म्हणजे १८ ÷ ९ = २ मायक्रोफॅरड.

आता उलट्या वाटेने परत या. एकूण प्रभार २ × १२ = २४ मायक्रोकूलोम. कपॅसिटर आधी रिकामे असतील, तर एकसर जोडणीत हाच प्रभार गटावर आणि चौथ्यावर सारखाच असतो. त्यामुळे चौथ्यावर २४ ÷ ३ = ८ व्होल्ट, तर गटावर २४ ÷ ६ = ४ व्होल्ट. गटातल्या तिघांनाही हेच ४ व्होल्ट मिळतात, म्हणून त्यांच्यावरचे प्रभार ४, ८ आणि १२ मायक्रोकूलोम.

ऊर्जा विचारली, तर धारकतेला विभवांतराच्या वर्गाने गुणून निम्मे करा. चौथ्यात ९६ मायक्रोज्यूल, गटात ४८, मिळून १४४. पूर्ण जाळ्याचे २ मायक्रोफॅरड आणि १२ व्होल्ट घेऊनही १४४ च येतात.

फोटोतून गणित सोडवताना दोन तारा एकमेकींना छेदतात तिथे ठळक ठिपका आहे का, हे आधी बघा. ठिपका असेल तर तारा जुळलेल्या आहेत, छोटी कमान असेल तर एक दुसरीच्या वरून गेली आहे. फोटो अंधुक असेल तर मूळ पान पुन्हा मागवा. ठिपका चुकला, तर पुढचे सगळे गणित बिनचूक करूनही उत्तर चुकतेच.