चरबी घटवायची, पण वेळ वीसच मिनिटं: 'हिट' करावं की भरभर चालावं?

'२० मिनिटं हिट करा, दिवसभर चरबी जळत राहील' असे रील्स सगळ्यांनीच पाहिलेत. खरंच तसं होतं का? थोडा हिशेब करून बघू.

'हिट' म्हणजे हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग. थोडा वेळ जीव तोडून मेहनत, मग हळू, पुन्हा मेहनत. स्टेडी कार्डिओ म्हणजे एकाच लयीत चालणं, जॉगिंग किंवा सायकल.

समजा ७० किलो वजनाच्या माणसाकडे सकाळी २० मिनिटं आहेत. तो ४ मिनिटं वॉर्मअप करतो. मग ३० सेकंद जोरात धावणं आणि ९० सेकंद रमतगमत चालणं, अशा ६ फेऱ्या. शेवटी ४ मिनिटं सावकाश चालणं. यात खरं जोरात धावणं झालं फक्त ३ मिनिटं! त्यामुळे एकूण खर्च होतात साधारण १२० कॅलरी. नंतरही शरीर थोडी जास्त ऊर्जा वापरतं, त्यालाच 'आफ्टरबर्न' म्हणतात. पण ती भर व्यायामातल्या खर्चाच्या दहा-पंधरा टक्के, म्हणजे फार तर १५-२० कॅलरी. अर्ध्या बिस्किटाएवढी.

तेवढाच वेळ भरभर चालल्यास सुमारे १०० कॅलरी जातात, पण ४५ मिनिटं चालल्यास सव्वादोनशे. म्हणून वेळ असेल तर चालण्याचं पारडं जड. अभ्यासांमध्येही दोन्ही प्रकारांत चरबी जवळपास सारखीच घटलेली दिसते, आणि खाणं तेच राहिलं तर ती घट थोडीच असते.

मग हिटचा फायदा काय? दम वाढतो, तोही कमी वेळात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१६ साली १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. एका गटाने १० मिनिटांच्या व्यायामात २० सेकंदांच्या फक्त ३ जोरदार फेऱ्या सायकलवर मारल्या, तर दुसऱ्याने ४५ मिनिटं एका लयीत सायकल चालवली. दोन्ही गटांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता जवळपास सारखीच, सुमारे १९ टक्क्यांनी वाढली.

आपण करतोय ते खरंच हिट आहे का, हे बोलून कळतं. जोराच्या फेरीत दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये. गप्पा मारता येत असतील तर तो स्टेडी कार्डिओच. पाऊण तास चालणाऱ्या 'हिट' क्लासमध्ये बहुतेकदा हेच होतं, कारण तेवढा वेळ पूर्ण जोर टिकतच नाही.

हिट आठवड्यातून दोन-तीनदाच आणि मध्ये एक दिवस सोडून करावं. उरलेल्या दिवशी चालावं, मग ते स्टेशनपर्यंत का असेना. हृदयविकार किंवा बीपी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. गुडघे दुखत असतील, तर धावण्याऐवजी सायकल बरी. आणि 'आज हिट केलंय' म्हणून एक जास्तीचा वडापाव खाल्ला, तर त्या दिवशीचा सगळा हिशेब उलटा होतो.